घर, शिक्षण, तिरुपती : क्रम कोणी लावायचा?

(सोलापुरात बचत गटांच्या प्रतिनिधींसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन. भाषणानंतरच्या चर्चेतील एक प्रश्न शेवटी दिला आहे.)



आजच्या सत्रासाठी मला दिलेला विषय ऐकायला साधा आहे. घरात साठलेले पैसे थोडे आणि करायच्या गोष्टी जास्त असल्या, तर आधी काय करायचे? घर घ्यायचे, मुलीला शिकवायचे की सासूबाईंना तिरुपतीला न्यायचे? आपल्या गटांच्या बैठकीत हा प्रश्न दर महिन्याला येतो, पण कर्जाच्या अर्जाच्या रूपाने येतो. अर्ज येईपर्यंत घरात क्रम लागून गेलेला असतो. तो कोणी लावला आणि कशावरून लावला, हे आपण विचारत नाही. आज तेवढेच विचारायचे आहे.

मी एका घराचा हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहे. हे घर मी आपल्या ओळखीच्या दोन-तीन घरांवरून जुळवलेले आहे, म्हणजे कोणाचे नाव घ्यायला नको. आकडे सोयीसाठी ठोक धरले आहेत. तुम्ही ते बदलून आपापल्या घराचे घाला.

पूर्व भागातले घर, भाड्याची एक खोली आणि पुढे पत्र्याचा आडोसा. बाई विडी वळते, नवरा यंत्रमागावर टॉवेल विणतो. मुलगी नुकतीच बारावी सायन्सला गेली आहे, मुलगा आठवीत आहे आणि सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. दोघांची मिळून महिन्याची कमाई साडेपंधरा हजार. त्यातून घरखर्च आणि अडीच हजार भाडे जाऊन तीन हजार मागे पडतात. आजवर गटात, पोस्टात आणि भिशीत मिळून एक लाख वीस हजार जमले आहेत. बाईचा प्रॉव्हिडंट फंड वेगळा आहे, त्याकडे आपण नंतर येऊ.

या घराला तीन गोष्टी हव्या आहेत. शहराबाहेरच्या एका घरकुल संस्थेत ते सभासद आहेत. तिथे दोन वर्षांत घर मिळणार आहे आणि त्यासाठी स्वतःच्या वाट्याचे दीड लाख भरायचे राहिले आहेत. मुलीला बी.फार्म. करायचे आहे. शेजारच्या कोणीतरी सांगितले की वर्षाला नव्वद हजार फी पडते, म्हणजे चार वर्षांचे तीन लाख साठ हजार. आणि सासूबाईंचा नवस आहे, पाच जणांनी तिरुपतीला जायचे, त्याचे तीस हजार. तिन्हींची बेरीज पाच लाख चाळीस हजार होते. हातात आहेत एक लाख वीस हजार.

मग घरात काय ठरले? फार्मसी रद्द. मुलगी बी.ए. करेल, नाहीतर शिवण शिकेल. घराचे हप्ते भरायचे आणि उरतील त्यातून तिरुपती. कोणी भांडले नाही, मुलगी दोन दिवस रडली. नवरा वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "आकडाच एवढा मोठा आहे, मी काय करू?" त्याच्यापुढच्या आकड्यांवरून त्याने लावलेला क्रम बरोबरच होता. चुकले होते ते आकडे.

यादीत नसलेल्या दोन गोष्टी

आधी मी त्या बाईला विचारले, "या तिघांशिवाय पैसे आणखी कशाला जातात?" ती म्हणाली, "कशालाच नाही." मग बोलता बोलता निघाले की नवरा सराफाकडे महिन्याला दीड हजार भरतो. अकरा हप्त्यांची योजना असते, ती संपली की दुसरी सुरू करायची. कशासाठी? मुलीच्या लग्नाच्या सोन्यासाठी. हा पैसा 'मागे पडणाऱ्या' तीन हजारांत धरलेलाच नव्हता. तो घरखर्चात गेला होता, मीठ-मिरचीच्या रांगेत.

लग्नाचे असेच होते. ते यादीत कधीच नसते, कारण ते करायचे की नाही असा प्रश्नच कोणाला पडत नाही. म्हणून त्याची कशाशीही तुलना होत नाही. पण दीड हजाराने चार वर्षांत बहात्तर हजार होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. एकाच मुलीसाठी एका हाताने सोने घेतले जात होते आणि दुसऱ्या हाताने शिक्षण काढून घेतले जात होते, आणि दोन्ही हात एकाच प्रेमळ बापाचे होते.

दुसरी गोष्ट अगदी लहान होती, तीही यादीत नव्हती. बाईचे माहेर तेलंगणात, मेहबूबनगरच्या बाजूला. आई ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि तीन वर्षांत भेट नाही. जाऊन-येऊन, आईला लुगडे आणि चार औषधे घेऊन खर्च तीन हजार. ही गोष्ट तिने मलाही आपणहून सांगितली नाही. "तुला काय हवे?" असे विचारल्यावर पहिले उत्तर आले, "मला काय हवे असणार?" मी गप्प बसले. मग ती बोलली.

म्हणून पहिले काम कागदावर यादी करण्याचे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळे विचारायचे, आणि बाईला सगळ्यांसमोर विचारायचे नाही. मग घरातून पैसा खरोखर कुठे जातो ते महिनाभर लिहायचे. जो हप्ता जातो तोही एक हेतूच असतो, त्याला नाव द्यायचे आणि यादीत बसवायचे.

किंमत खरी आहे का?

दुसरे काम, प्रत्येक गोष्टीची खरी किंमत काढायची. आपण क्रम लावतो तो किमतीला घाबरून, आणि ती किंमत बहुतेक वेळा ऐकीव असते.

फार्मसीचे पाहू. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. ही सवलत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आहे. इतर मागास प्रवर्गांसाठी फीमाफीच्या वेगळ्या योजना आहेत. आपण कोणत्या योजनेत बसतो ते कॉलेजच्या विद्यार्थी विभागात विचारायचे. पण अट नीट समजून घ्या. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी देऊन 'कॅप'मधून मिळालेला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही नाही. 'अमुक कॉलेजला ॲडमिशन करून देतो' म्हणून घरी येणारा माणूस बहुधा माफी नसलेली जागाच विकत असतो. त्याला एकच विचारायचे, "ही जागा कॅपमधली आहे का?"

मग मुलीचा खर्च किती राहिला? ती सोलापुरातच राहून शिकली तर पुस्तके, प्रयोगवही, एप्रन, बसभाडे आणि माफीत न येणारी किरकोळ फी धरून वर्षाला पंचवीस हजार आपण धरू. चार वर्षांचे एक लाख. तीन लाख साठ हजारांचे एक लाख झाले! शिवाय ते एकदम लागत नाहीत, चार तुकड्यांत लागतात. आता सोन्याचे ते बहात्तर हजार त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

या फीमाफीला मात्र पैशाऐवजी कागद लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, ओबीसीला नॉन-क्रिमीलेयर, आणि सगळ्यात वेळ खाणारे जात वैधता प्रमाणपत्र. आपल्याकडे तीन पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली घरे पुष्कळ. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातला पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, मिलमध्ये नोकरी असेल तर त्या वेळचे कागद, हे शोधायला महिने जातात. म्हणून बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करायचा. निकाल लागल्यावर धावपळ केली की गुण असूनही जागा हातची जाते. म्हणजे फार्मसी यादीत वर आणण्याची पहिली पायरी पैशाची नाहीच. या महिन्यात दोन दिवस विडी न वळता कागद शोधण्याची आहे. ते दोन दिवसही घराच्या हिशेबात धरायला हवेत, कारण ते बाईचेच जातात.

घराचे याच्या उलट होते. घराची किंमत कमी सांगितली जाते आणि वाढत जाते. दीड लाख हा संस्थेचा आकडा झाला. त्यावर दस्ताचा खर्च, वीजमीटर, पाण्याची अनामत, स्वयंपाकाचा ओटा, फरशी, खिडक्यांना जाळ्या, सामानाचा टेम्पो आले. आपण चाळीस हजार धरू, म्हणजे घर झाले एक लाख नव्वद हजारांना. बँकेच्या कर्जाचा हप्ता महिना साडेतीन हजार. भाडे सुटेल अडीच हजार, तरी हजार जास्त. शिवाय घर शहराबाहेर, म्हणून नवऱ्याला मागावर आणि मुलीला कॉलेजला जायचे बसभाडे आणखी हजार.

सोलापूरच्या बायकांना हे नवे नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली त्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्याच कुंभारीत रे नगरला असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिली पंधरा हजार घरे दिली गेली. पंतप्रधान आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख येतो, बाकीचे कामगाराचे. कामगार बायकांनी संघटनेतून लढून मिळवलेली ही घरे आहेत, त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण तिकडे राहायला गेलेल्या बायकांना विचारा. घराच्या हप्त्याइतकाच प्रश्न पाने-तंबाखू कुठे मिळणार, तयार माल कुठे द्यायचा आणि मुलांची शाळा किती लांब पडणार, याचा होता. घराची खरी किंमत काढताना हे धरावेच लागते.

एक वर्ष थांबलो तर?

आता क्रमाचे. 'कोणती गोष्ट जास्त महत्त्वाची' असे विचारले की भांडण होते, कारण घर महत्त्वाचे, शिक्षण महत्त्वाचे आणि देवही महत्त्वाचा. त्याऐवजी प्रत्येक गोष्टीबद्दल विचारायचे, ही एक वर्ष पुढे ढकलली तर काय होईल? आणि ही लहान करता येईल का?

आईची भेट. एक वर्ष थांबले तर आई राहीलच असे नाही. पैसे तीन हजार. राज्याच्या हद्दीपर्यंत एस.टी.त बाईला अर्धे तिकीट आहे, २०२३च्या मार्चपासून. हा प्रश्न विचारल्याबरोबर यादीतली सगळ्यात लहान गोष्ट सगळ्यात वर गेली. नवराच म्हणाला, "एवढ्यासाठी तू सांगितले का नाहीस?" या प्रश्नाचे उत्तर तीन हजारांत मावणारे नव्हते, म्हणून आम्ही ते तिथे काढले नाही.

शिक्षण. बारावीनंतरचे एक वर्ष मुलाचे गेले तर घरात 'गॅप' म्हणतात. मुलीचे गेले की स्थळे येऊ लागतात. मुलीच्या शिक्षणाचा दरवाजा वर्षभर उघडा राहत नाही, म्हणून त्याची तारीख हलवायची नाही.

घर. एक वर्ष उशीर झाला तर वर्षाचे तीस हजार भाडे जाते आणि संस्थेचे सभासदत्व धोक्यात येऊ शकते. म्हणून हप्ता पूर्ण थांबवायचा नाही. पण घर लहान करता येते. फरशी, रंग आणि जाळ्या नंतर केल्या तरी घर घरच राहते.

तिरुपती. सासूबाई अडुसष्टच्या. पाच जणांचे तीस हजार जमेपर्यंत त्यांचे गुडघे थांबणार नाहीत. पण नवस त्यांचा आहे, पाचांचा नाही. सोलापूर मद्रासच्या लाइनवर आहे, रेल्वेने जाता येते. त्या आणि सोबत मुलगा असे दोघे गेले तर सहा हजारांत होते. महिन्याला पाचशे टाकले तर वर्षभरात जमतात. बाकीचे नंतर कधीतरी जातील. सासूबाईंना हे आधी रुचले नाही. पण 'पाच वर्षांनी पाच जण' आणि 'पुढच्या वर्षी तुम्ही' यांतले निवडा म्हटल्यावर त्यांनी लगेच निवडले.

सोने. एक वर्ष थांबले तर काय होईल? सोने महाग होईल, नवरा म्हणाला. बरोबर आहे. पण फार्मसी झालेल्या मुलीला दहा ग्रॅम सोने कमी पडले तर काय होईल, हेही त्याने सांगावे. शेवटी ठरले की चालू योजनेचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे तो भरायचा, मध्येच तोडून नुकसान करायचे नाही. नवी योजना सुरू करायची नाही.

आता पैसे वाटू

सगळ्यांच्या आधी एक वाटा बाजूला काढायचा, त्याला कोणत्याही हेतूचे नाव द्यायचे नाही. विडीचे काम हजारावर. पाने आली नाहीत की काम बंद, आणि छाट जास्त निघाली की मजुरी कापली. मागालाही मंदी आली की आठवड्यातले दिवस कमी होतात. म्हणून अशा घराला तीन महिन्यांच्या अगदी गरजेच्या खर्चाइतके पैसे मोकळे हवेत. आपण तीस हजार धरू. हा वाटा नसला की पहिल्याच आजारपणात घराचा हप्ता खाजगी फायनान्सचे कर्ज काढून भरला जातो, आणि मग आपण क्रम लावत नाही, वसुलीवाला लावतो.

एक लाख वीस हजारांतून हे तीस गेले. आईच्या भेटीचे तीन गेले. मुलीच्या पहिल्या वर्षाचे पंचवीस हजार पोस्टात वेगळे ठेवले. राहिले बासष्ट हजार, ते घराला.

महिन्याला आता तीन हजारांऐवजी साडेचार हजार आहेत, कारण सोन्याचे दीड हजार त्यात आले. त्यातले पाचशे तिरुपतीला. पहिले वर्षभर उरलेले चार हजार घराला, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. मुलगी कॉलेजला गेली की त्या चारांतले दोन हजार तिच्या पुढच्या वर्षासाठी आणि दोन हजार घराला, म्हणजे वर्षाचे चोवीस हजार. बासष्ट, अठ्ठेचाळीस आणि चोवीस मिळून दोन वर्षांत घराकडे एक लाख चौतीस हजार झाले. लागणार होते एक लाख नव्वद. कमी पडले छप्पन हजार.

राहायला गेल्यावर वाढणारे दोन हजार, म्हणजे हप्त्याचे हजार आणि बसचे हजार, त्याच घराच्या दोन हजारांतून निघतात. साडेतीन हजारांचा हप्ता झेपेल का हे मात्र चांगल्या महिन्यावर मोजायचे नाही. या घराचा सगळ्यात वाईट महिना दहा हजारांचा गेला होता. त्यातही साडेतीन हजार भरता येतील का, असे विचारायचे. कसेबसे येतील. याहून मोठा हप्ता मी त्यांना घेऊ दिला नसता. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार, जिला मिळतात तिने, हप्त्याच्या हिशेबात धरू नयेत. वीस वर्षांचा हप्ता बंद पडू शकणाऱ्या पैशावर बांधायचा नसतो. ते येतील तोवर मोकळ्या वाट्यात टाका.

छप्पन हजार आणि तिचे नाव

आता कमी पडणारे छप्पन हजार. इथे सगळ्यांच्या नजरा बाईच्या प्रॉव्हिडंट फंडाकडे वळल्या. विडी कामगारांना १९७७ पासून फंड लागू आहे. हिच्या कार्डावर वीस वर्षांची नोंद आहे. नवरा मागावर, त्याला फंड नाही. म्हणजे या घरात म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा एकच, आणि तो तिचा.

घरासाठी फंडातून पैसे काढता येतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये फंडाच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या अटी बऱ्याच सैल करायचे ठरवले, पंचवीस टक्के शिल्लक ठेवून बाकीचे काढता यावेत असे. हे ऐकून आपल्याला बरे वाटते, पण यात एक धोका आहे. पूर्वी बाई म्हणू शकत होती, "ऑफिसात मिळत नाहीत." आता ते कारण उरत नाही. आता तिला स्वतःच 'नाही' म्हणावे लागेल, आणि आपल्या घरांत ते ऑफिसाने म्हणण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.

म्हणून या ठिकाणी मी दोन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या. एक, सगळे छप्पन काढायचे नाहीत. चाळीस काढायचे. बाकी सोळा हजारांची फरशी आणि रंग मागाहून. दुसरी, तिच्या फंडाचा रुपया ज्या घरात जाईल त्या घराच्या कागदावर तिचे नाव हवे. आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे करायची अट आहेच. सभासदत्व नवऱ्याच्या नावे असेल तर पैसे भरण्याआधी नाव लावून घ्यायचे. 'नंतर लावू' म्हणजे काय, ते परित्यक्तांच्या कितीतरी केसेसमध्ये आपण पाहिले आहे. बाईने वीस वर्षे पाठ वाकवून साठवलेले पैसे भिंतीत गेले आणि ती बाहेर राहिली.

आणि एक बारीक गोष्ट. फंडाच्या नोंदीत एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे, असे आपल्याकडे फार होते. आडनाव आधी की नंतर, माहेरचे की सासरचे. अर्ज त्यावरच परत येतो. पैसे दोन वर्षांनी लागणार असले तरी नावाची दुरुस्ती आज सुरू करा.

एवढे करूनही हा हिशेब कुठे मोडू शकतो? मुलीला कॅपमधून जागा मिळाली नाही तर. हे आधीच ठरवून ठेवले पाहिजे, निकालाच्या दिवशी नाही. या घराने ठरवले की नव्वद हजारांची कोट्यातली जागा घ्यायची नाही. मुलगी बी.एस्सी. करेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देईल. पण त्या वर्षात स्थळे पाहायची नाहीत. हे शेवटचे वाक्य मुलीने स्वतः घालायला लावले. तो कागद गटाच्या दप्तरात ठेवला आहे, एक प्रत घरात.

चर्चेतला प्रश्न : शिक्षणासाठी बँक कर्ज देते. मग सगळी बचत घरात घालून मुलीसाठी कर्ज का काढू नये?

उत्तर : प्रश्न बरोबर आहे. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते आणि फेड शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. घराच्या कर्जाला अशी उसंत नसते. म्हणून मुलीला बाहेरगावी जागा मिळाली आणि वसतिगृहाचा खर्च अंगावर आला, तर हे कर्ज जरूर घ्या. पण दोन गोष्टी पाहा. शिकत असतानाही व्याज चढत राहते. आणि कर्ज मुलीच्या नावावर असते. घर भावाला जाणार आणि कर्ज बहिणीवर राहणार, अशी वाटणी नकळत होते. कर्ज काढायचे असेल तर घराच्या कागदात तिचाही हक्क राहील का, हे त्याच बैठकीत विचारा. आणि जागा मिळाल्याचे पत्र हातात येण्याआधी कर्ज ठरवू नका, कारण मंजूर झालेले कर्ज कोट्यातल्या जागेकडे ओढते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घराचा महिनाभराचा खर्च लिहून आणायचा आहे. हप्त्यांसकट, सोन्याच्या भिशीसकट. आणि शेवटी एक ओळ : मला स्वतःला काय हवे आहे. ती ओळ कोरी आणली तर चालणार नाही.